डोक्यामागची गादी

लांबी मोजायच्या फळीवर बाळ ठेवलं की ते रडणारच, हे त्या दवाखान्यात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. आत्याने मात्र नाही.

ती आत्या झाली ती थोरल्या भावाच्या मुलीमुळे, गोटीमुळे. दवाखान्यात ती सिस्टर होती. घरी तिला सगळे पट्टी म्हणत, कारण लहानपणी तिने घरातलं टेबल, आईची वेणी, दादाचे कान, जे सापडेल ते मोजून ठेवलं होतं. पुढे लहान मुलांच्या दवाखान्यात वजन-उंचीच्या खोलीत नोकरी लागली, तेव्हा दादा म्हणाला होता, "चला, पट्टी एकदाची पट्टीला लागली."

खोली लहानशी होती. एका कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीला उंचीचा खांब आणि खिडकीखालच्या टेबलावर ती फळी. दोन वर्षांखालचं मूल उभं करून मोजत नाहीत, आडवं करून मोजतात. त्याला दोन माणसं लागतात. डोक्याकडे मावशी उभ्या राहत. त्या दवाखान्यातल्या सर्वांत जुन्या मदतनीस. बाळाच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवून त्या टाळू डोक्याकडच्या पक्क्या पाटीला टेकवत आणि बाळाची नजर सरळ छताकडे लागेल असं डोकं धरत. पायाकडे आत्या. लंगोट आधीच काढलेला. एका हाताने ती गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करी आणि दुसऱ्या हाताने सरकती पाटी तळव्यांना भिडवी, बोटं वर, टाचा पाटीला सपाट. मग वाकून, डोळा नेमका आकड्यासमोर आणून ती मिलिमीटरपर्यंत वाची. मावशी तोच आकडा मोठ्याने परत म्हणत. बाळ उचलायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा मोजायचं. पाय नाचवणाऱ्या बाळांपुढे बाकीच्या सिस्टर हात टेकत. आत्याचा हात असा होता की बाळाला कळायच्या आत पाटी भिडलेली असे.

गोटी तीन महिन्यांची असताना थंडीत पहिल्यांदा या फळीवर आली. डोक्याकडच्या गार, कडक पाटीला टाळू लागताच तिने असा सूर लावला की बाहेरच्या बाकांवरची मुलंही तिला साथ द्यायला लागली. त्याच संध्याकाळी आत्याने जुन्या गोधडीचा तुकडा कापला, त्याची छोटी जाड गादी शिवली, मागे बांधायला नाड्या लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती पाटीला आतून बांधून टाकली. बाळं खरोखरच कमी रडायला लागली. पलीकडच्या खोलीतून डॉक्टरबाईंनी विचारलं, आज कुणी आलंच नाही का? मावशी म्हणाल्या, आलेत, पण सिस्टरने त्यांना मऊ गादीवर बसवून फितवलंय.

दर सोमवारी फळी तपासायचा नियम होता. साठ सेंटीमीटरची धातूची एक कांडी होती. ती दोन पाट्यांमध्ये ठेवायची आणि आकडा साठच येतो ना ते बघायचं. आत्या हे कधी चुकवत नसे. कांडीची टोकं तेलकट होती, गादीला डाग पडला असता, म्हणून ती आधी गादी सोडून बाजूला ठेवी, कांडी लावी, साठ बघून समाधानाने मान हलवी आणि गादी परत बांधी.

गोटी सहा महिन्यांची झाली आणि वहिनी कामावर जायला लागली. चष्म्याच्या कारखान्यात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. तीन वर्षं हाताखाली काढल्यावर नुकतंच तिच्याकडे एक मशीन सोपवलं होतं, आणि ते ती कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. दिवसा गोटीला आत्याची आई सांभाळायची. संध्याकाळी आत्या आधी घरी यायची, वहिनी नंतर. त्या मधल्या वेळात गोटी आत्याची असायची. ती तिला केळं कुस्करून भरवायची, अंघोळ घालायची, आणि वहिनी दारात आली की मूल तिच्याकडे देताना आत्याचे हात थोडे आखडायचे. हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. दोघींचं तसं छान जमायचं. वहिनी तिला घरातल्यांसारखीच पट्टी म्हणायची, आणि दोघी मिळून दादाची टर उडवायच्या.

नऊ महिन्यांची झाली तेव्हा गोटी एकाहत्तर पूर्णांक चार भरली. वाढीच्या तक्त्यावर मधल्या रेघेच्या बऱ्यापैकी वर. आत्याने घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, आमच्याकडे एवढं उंच कोण होतं? दादा म्हणाला, मी, पण मला कुणी नीट मोजलंच नाही.

मग एका बाळाने त्या गादीवर सकाळचं सगळं दूध उलटून टाकलं. धुतल्यावरही वास जाईना. आत्याने ती टाकून दिली आणि नवीन शिवायला घेतली. पण घरी गेल्यावर गोटी असायची, शिवण टोपलीत पडून राहायचं. अकरा महिने पूर्ण झाले तेव्हा तिने गोटीला फळीवर ठेवलं. मावशींनी डोकं धरलं, गोटी किंचाळली. बहात्तर पूर्णांक दोन. पुन्हा ठेवलं. बहात्तर पूर्णांक दोन.

दोन महिन्यांत एक सेंटीमीटरसुद्धा नाही. या वयात अडीचच्या आसपास वाढ व्हायला हवी. तक्त्यावरची गोटीची रेघ वर चढता चढता आडवी पडली होती आणि मधल्या रेघेच्या खाली घसरली होती.

डॉक्टरबाईंनी तक्ता पाहून विचारलं, माप पुन्हा घेतलंस का? आत्या म्हणाली, दोनदा घेतलं, दोन्ही सारखी. ते खोटं नव्हतं. डॉक्टरबाई वजनाच्या रेघेकडे बघत म्हणाल्या, वजन तर नीट वाढतंय, जरा नवलच आहे. खाणं कमी पडत असतं तर आधी वजन रेंगाळलं असतं. आत्यालाही हे ठाऊक होतं. परीक्षेत तिने हे पानभर लिहिलं होतं. तरी तेव्हा ती काही बोलली नाही. डॉक्टरबाईंनी खबरदारी म्हणून रक्त तपासायला सांगितलं. गोटीचा दंड आत्यानेच धरून ठेवला. सुई शिरताना गोटीने आत्याकडे असं पाहिलं की ते नंतर कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

रिपोर्ट स्वच्छ आला. मग घरात प्रश्न उरला तो एकच. आधी कुणी तो विचारला नाही, फक्त जेवताना भांड्यांचा आवाज जरा जास्त यायला लागला. आई म्हणाली, मी म्हातारी, मला जमेल तेवढं मी भरवते. दादा म्हणाला, तू काही कमी करतेस असं कोण म्हणतंय? वहिनी म्हणाली, मग कोण कमी करतंय? त्यावर आत्या बोलली. तक्ता तिने पिशवीतून आणलाच होता. तिने तो टेबलावर पसरला, आडव्या पडलेल्या रेघेवर बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे, रोज परक्या आयांना समजावते त्याच आवाजात म्हणाली, "फळी खोटं बोलत नाही, वहिनी. तू कामावर जायला लागलीस, त्यानंतरचंच हे आहे."

वहिनीने तक्ता स्वतःकडे ओढला आणि बराच वेळ पाहिला. काचेवरचा ओरखडा शोधावा तसं. मग घडी घालून परत दिला.

त्या क्षणी आपल्याला काय वाटलं होतं, हे आत्याला पुढे विसरायचं होतं आणि विसरता आलं नाही. तिला बरं वाटलं होतं. काळजी होती, खरीच होती; पण तिच्या तळाशी एक कोमट, गोड समाधान होतं. बघा, मूल कुणाकडे वाढतं आणि कुणामुळे अडतं.

महिनाअखेर वहिनीने मशीन सोडलं. कारखान्यात काय सांगितलं ते घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दिवसभर गोटीला घेऊन बसू लागली. दर घासामागे ती तिच्या पायांकडे बघायची, जणू ते डोळ्यांदेखत लांब होणार होते. आणि त्याच दिवसापासून ती आत्याला वन्सं म्हणायला लागली. भांडण नाही, आवाज चढलेला नाही. "वन्सं, तुम्ही जेवून घ्या." पट्टी आणि तू, दोन्ही एकाच दिवशी घरातून निघून गेले. आईला वाटलं, सून मानाने वागते.

नवी गादी शिवून झाली ती त्यानंतरच्या आठवड्यात. जुन्याच मापाची, जुन्याच गोधडीची. सोमवारी आत्याने कांडी लावली, साठ बघितलं आणि गादी बांधली.

त्या सकाळी एक मुलगा आला. नुकतीच दोन वर्षं पूर्ण झालेला, हातात प्लॅस्टिकचा चमचा, आणि तो सोडायला साफ नकार. दोन वर्षांचं मूल झालं की मोजण्याची पद्धत बदलते, तक्ताही बदलतो. म्हणून त्या दिवशी दोन्ही मापं घ्यायची अशी या दवाखान्याची रीत होती, आडवं एकदा आणि उभं एकदा. आडवं माप थोडं जास्तच येतं, कारण उभं राहिलं की माणूस आपल्याच वजनाने किंचित दबतो. फरक साधारण पाऊण सेंटीमीटरच्या आत.

फळीवर मुलगा सत्त्याऐंशी पूर्णांक एक भरला. मग त्याला खांबाशी उभं केलं. चपला काढल्या, आईने डोक्यावर बांधलेली शेंडी सोडायला लावली. टाचा, कुल्ले, पाठ, डोक्याचा मागचा भाग, सगळं खांबाला टेकलं. पोट पुढे येत होतं, ते आत्याने हलकेच मागे लोटलं. हनुवटी धरून नजर सरळ समोर आणली आणि वरची पाटी केस दाबत टाळूवर टेकवली. मुलगा चमचा खांबावर वाजवत होता, पण टाचा उचलत नव्हता. चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.

"चौऱ्याऐंशी सहा," मावशी म्हणाल्या आणि लिहायला वळल्या.

आत्या जागच्या जागी उभी राहिली. अडीच सेंटीमीटर. एवढा फरक कुठल्याच मुलात पडत नाही. तिने त्याला पुन्हा उभं केलं. तेच. पुन्हा आडवं ठेवलं. मावशींनी डोकं धरलं, तिने गुडघे दाबले, पाटी भिडवली. सत्त्याऐंशी एक. मुलगा हसत होता. त्याला हा खेळ वाटत होता. आत्या पायांकडून वाकून बघत होती आणि पहिल्यांदाच तिची नजर पायांवरून फळीभर सरकत डोक्यापर्यंत गेली. टाळू पाटीला टेकली नव्हती. ती गादीला टेकली होती. फळीवरचा शून्य गादीच्या मागे होता.

तिने नाड्या सोडल्या. गादी काढली. मुलाला परत ठेवलं. तो रडला. पंच्याऐंशी पूर्णांक तीन.

"काय झालं गं?" मावशींनी विचारलं, कारण आत्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता.

आत्याने गादी दोन बोटांत दाबून पट्टीवर धरली. एक पूर्णांक आठ. तिला हिशेब करावा लागला नाही, तो आपोआप झाला. नवव्या महिन्याचे एकाहत्तर चार म्हणजे खरे एकोणसत्तर सहा. अकराव्याचे बहात्तर दोन गादीशिवायचे, म्हणजे खरेच. दोन महिन्यांत अडीचहून थोडी जास्त वाढ. गोटीची रेघ कधी आडवी पडलीच नव्हती. ती पहिल्यापासून मधल्या रेघेच्या जराशी खाली, तिला अगदी समांतर, शहाण्या मुलीसारखी वर चढत होती. जास्तीची उंची तेवढी गोधडीची होती.

तिने मुलाच्या आईची माफी मागितली, खरा आकडा लिहिला आणि डॉक्टरबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. सांगताना तिचे शब्द सुटे सुटे पडत होते. डॉक्टरबाईंनी गादी हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"सोमवारी कांडी लावायचीस ना?"

"लावायचे. गादी काढून."

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर आत्याला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, एका भिंतीपलीकडे बसून मलाही एवढ्या महिन्यांत डोकावावंसं वाटलं नाही, तो वाटा माझा. मग त्यांनी विचारलं, त्या दोघी जुळ्या होत्या, त्यातली धाकटी? आत्याला त्याआधीच ती आठवली होती. गादीसकट ती सगळ्यात खालच्या रेघेच्या जेमतेम वर बसायची, आणि आत्या तिच्या आईला दर वेळी सांगायची, छोटी आहे पण ठीक आहे. गादी काढली तर ती रेघेखाली जात होती. तिला कितीतरी आधी नीट तपासायला हवं होतं. ज्या मुलीची काळजी करायची तिची केली नव्हती, आणि जिची करायची नव्हती तिच्या दंडात सुई घातली होती. गादीवर मोजलेल्या प्रत्येक मुलाला परत बोलवायचं ठरलं. जुळ्यांच्या घरी आत्याने त्याच दुपारी फोन केला. पलीकडून ती आई "बरं, बरं" एवढंच म्हणत राहिली. इतकी सहज की आत्याला फोन ठेवता येईना.

घरी जाताना तिने गादी पिशवीत टाकली होती. जिना चढताना तिला वाटलं, दादाला आधी सांगावं, तो सांगेल. मग वाटलं, आईला सांगावं, आई सावरून घेईल. दोन्ही विचार तिला ओळखीचे वाटले. गोटीला भरवायच्या वेळी वहिनीच्या हाताऐवजी आपला हात पुढे करताना असंच काहीतरी सोयीचं ती स्वतःला सांगायची.

वहिनी जमिनीवर बसली होती, गोटी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायच्या खटपटीत. आई खुर्चीत, दादा अजून यायचा होता. आत्या समोर बसली, गादी जमिनीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. आकडे सांगितले, कांडीचं सांगितलं, जुळ्यांचं सांगितलं. आई मध्येच म्हणाली, जाऊ दे, तू तर बाळाच्या भल्यासाठीच शिवली होतीस. आत्या म्हणाली, "आई, थांब."

वहिनीने गादी उचलून अंगठ्याने दाबून पाहिली. काचा बसवणारा अंगठा होता तो. मिलिमीटर त्याला कळायचा.

"म्हणजे तिला काहीच झालं नव्हतं."

"काहीच नाही."

"आणि माझ्यामुळेही काही झालं नव्हतं."

"नाही."

वहिनीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटका येईल असं आत्याला वाटलं होतं. तिथे सुटका नव्हती, एक थकवा होता.

"चूक कुणाच्याही हातून होते, वन्सं. माझ्या हातूनसुद्धा काचा वाकड्या बसल्यात. ते मी विसरून जाईन." ती गादीकडे बघत होती. "पण त्या दिवशी तक्ता टेबलावर पसरताना तुम्हाला बरं वाटलं होतं. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही रेघेकडे बघत होतात, मी तुमच्याकडे."

आई काहीतरी बोलायला गेली. आत्याच्या तोंडात नाही हा शब्द तयार होता. पण नाही म्हटलं असतं तर या घरात खोटं बोललेलं ते दुसरं माप झालं असतं.

"हो," ती म्हणाली. "वाटलं होतं."

गोटीने तेवढ्यात वहिनीचा गुडघा सोडला, क्षणभर कशालाही न धरता उभी राहिली आणि बदकन बसली.

कारखान्यात मी येऊन सांगते, चूक माझी होती म्हणून, असं आत्या म्हणाली. वहिनी म्हणाली, मशीन दुसऱ्या मुलीला दिलंय. तिच्याकडून काढून घ्यायला मला जमणार नाही. हाताखालची जागा आहे का ते विचारीन. तुम्ही येऊ नका. मी काय सांगायचं ते मीच ठरवीन. आत्याने मान खाली घातली. येऊ नका म्हटल्यावर तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

गोटीला वर्ष पूर्ण झालं त्या आठवड्यात वहिनी तिला घेऊन दवाखान्यात आली. आत्याने स्वतःहून दुसऱ्या सिस्टरला बोलावलं होतं, पण वहिनी म्हणाली, नको, तुम्हीच मोजा. फक्त डोकं मी धरते. मावशी बाजूला झाल्या आणि तिला दाखवायला लागल्या, तळवे कानांवर, टाळू पाटीला, नजर छताकडे. वहिनीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिने आधी एक बोट पाटीवरून फिरवून तिथे काही नाही ना ते बघितलं. तिने तसं बघितलेलं आत्याने पाहिलं, आणि तिने पाहिलंय हे वहिनीला कळलं.

गार पाटी टाळूला लागली तशी गोटी जीव तोडून रडायला लागली. वहिनीचे हात हलले नाहीत. आत्याने गुडघे दाबले, पाटी तळव्यांना भिडवली आणि वाकून वाचलं.

"त्र्याहत्तर पूर्णांक चार."

आकडा परत म्हणणं हे डोक्याकडच्या माणसाचं काम. वहिनी गोटीच्या रडक्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मान वाकवली, पार खाली, आत्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत, आणि डोळा आकड्यासमोर आणून तो स्वतः वाचला.

"त्र्याहत्तर पूर्णांक चार," ती म्हणाली. "परत घ्या."

आत्याने गोटीला उचललं, आणि परत ठेवलं.